बँकेत दीड लाख वाढले, तरी हिशेबात तूट कशी? न्यासाचे रिसीट-पेमेंट आणि आय-व्यय जुळत नाही तेव्हा

लक्षण दरवर्षी तेच असते. एप्रिल-मेमध्ये खजिनदार कॅशबुकावरून प्राप्ती-शोधन खाते काढतात, म्हणजे ऑफिसात ज्याला सगळे रिसीट-पेमेंट म्हणतात ते. त्यात वर्षाअखेरची शिल्लक सुरुवातीपेक्षा जास्त दिसते. ऑगस्टमध्ये सीएकडून आय-व्यय खाते येते आणि त्यात तूट असते. विश्वस्तांच्या सभेत प्रश्न येतो, ‘पैसे वाढलेत की कमी झालेत, एकदा काय ते सांगा.’ खजिनदार सीएकडे बोट दाखवतात, सीए कॅशबुकाकडे. शेवटी फरकाची रक्कम ‘सस्पेन्स’मध्ये टाकली जाते आणि पुढच्या वर्षी ती आरंभीच्या शिल्लकेत येऊन बसते.

यात बहुतेक वेळा चोरी नसते आणि बेरजेची चूकही नसते. दोन खाती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि मधला पूल कोणी बांधलेला नसतो. रिसीट-पेमेंट सांगते की वर्षभरात पेटीत आणि बँकेत काय आले आणि काय गेले. ते पैसे कोणत्या वर्षाचे आणि कशासाठीचे, हे त्याला कळत नाही. आय-व्यय सांगते की या वर्षाचे उत्पन्न किती आणि या वर्षाचा खर्च किती, मग रक्कम हातात आलेली असो वा नसो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे जे हिशेब जातात त्यांत अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे आय-व्यय. रिसीट-पेमेंट कितीही नीटनेटके असले तरी ते अनुसूची नऊची जागा घेऊ शकत नाही. शीर्षक बदलून त्याचेच आय-व्यय करणे हे तर या दुखण्याचे मूळच आहे.

आता आकडे घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशी रचना परळ-लालबाग पट्ट्यात सहज सापडेल: रुग्णांना औषधांची मदत करणारा, एक अभ्यासिका चालवणारा छोटा न्यास. वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपलेले.

सुरुवातीला रोख आणि बँक मिळून ४,२०,०००. त्यातले ३,००,००० शिष्यवृत्ती निधीचे, उरलेले १,२०,००० सर्वसाधारण. वर्षभरात सर्वसाधारण देणग्या ५,४०,००० आल्या. एका देणगीदाराने कॉर्पससाठी ५,००,००० दिले. एका कंपनीकडून फक्त रुग्णमदतीसाठी ८,००,००० चे अनुदान आले. अभ्यासिकेचे शुल्क १,८०,००० आणि जुन्या मुदत ठेवीवरचे व्याज ६३,००० जमा झाले. एकूण जमा २०,८३,०००.

बाहेर गेले ते असे: पगार ३,५७,०००, अभ्यासिकेचे भाडे आणि वीज २,१६,०००, रुग्णमदत ५,५०,०००, वह्या-पुस्तके वाटप १,४५,०००, ऑडिट फी २५,०००, अभ्यासिकेसाठी संगणक आणि टेबले १,४०,००० आणि कॉर्पसच्या रकमेची मुदत ठेव ५,००,०००. एकूण १९,३३,०००. वर्षाअखेर शिल्लक ५,७०,०००, म्हणजे वाढ १,५०,०००. इथपर्यंत सगळे बरोबर आहे.

चूक पुढच्या पानावर होते. जमेचे सगळे आकडे उत्पन्न म्हणून उचलले जातात. खर्चातून मुदत ठेव तेवढी वगळली जाते, कारण ‘ठेव म्हणजे खर्च नव्हे’ एवढे सगळ्यांना ठाऊक असते. मग २०,८३,००० वजा १४,३३,०००, म्हणजे ६,५०,००० चा वाढावा दिसतो. खरे आय-व्यय मात्र २०,००० ची तूट दाखवते. फरक ६,७०,००० चा.

हा फरक कुठून येतो ते एकेक करून पाहू, कारण हीच ठिकाणे दरवर्षी चुकतात.

सर्वात मोठी रक्कम कॉर्पसची. ५,००,००० ही देणगी न्यासाच्या मूळ भांडवलात जाते आणि ताळेबंदात देय बाजूला दिसते. आय-व्ययात तिला जागा नाही. अट एकच: ही रक्कम कॉर्पससाठी आहे असे देणगीदाराने स्वतः लेखी सांगितलेले हवे. विश्वस्तांनी नंतर ठराव करून ‘ही रक्कम कॉर्पसमध्ये वळवत आहोत’ म्हटल्याने देणगी कॉर्पसची होत नाही. तो उत्पन्नाचाच केलेला विनियोग ठरतो. पावतीच्या स्थळप्रतीला देणगीदाराचे पत्र टाचलेले नसेल, तर ऑडिटर ही रक्कम उत्पन्नात घेणार आणि ते बरोबरच असेल.

दुसरी रक्कम कंपनीच्या अनुदानाची. ८,००,००० आले आणि ५,५०,००० वापरले. अट रुग्णमदतीची असल्यामुळे न वापरलेले २,५०,००० न्यासाचे उत्पन्न नाही. ते देणाऱ्याच्या वतीने आपल्याकडे आहेत. करारानुसार पुढे वापरायचे किंवा परत करायचे. नोंदीची सोपी पद्धत अशी की पैसे आल्यावर ‘बँक नावे, रुग्णमदत निधी जमा’ ८,००,०००. वर्षाअखेरी खर्चाएवढीच रक्कम उत्पन्नात आणायची: ‘रुग्णमदत निधी नावे, अनुदान उत्पन्न जमा’ ५,५०,०००. मग आय-व्ययात दोन्ही बाजूंना ५,५०,००० दिसतात, हेतूंवरचा खर्चही लपत नाही आणि वाढाव्यावर परिणाम होत नाही. काही सीए हा खर्च थेट निधीतून वजा दाखवतात. तेही चालते, फक्त दरवर्षी पद्धत बदलू नये. नाहीतर तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की हेतूंवरचा खर्च एका वर्षी अचानक गळल्यासारखा दिसतो.

तिसरे ठिकाण शुल्काचे. १,८०,००० पैकी १५,००० मार्चमध्येच घेतलेले एप्रिल-जूनचे शुल्क आहे. ते पुढच्या वर्षाचे, म्हणून या वर्षाचे शुल्क १,६५,०००. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या पावत्या उघडून पाहिल्या की हे लगेच दिसते. शुल्काची पावती ‘अभ्यासिका शुल्क’ एवढ्यावरच फाडली असेल आणि महिना लिहिला नसेल, तर कळायचा दुसरा मार्ग नाही. पावतीवर ‘कालावधी’ची एक ओळ छापून घेणे हा याचा खरा इलाज आहे.

चौथे व्याज. बँकेत ६३,००० आले, पण व्याज ७०,००० होते. ७,००० टीडीएस कापला गेला. उत्पन्न ७०,००० दाखवायचे आणि ७,००० येणे म्हणून ताळेबंदात ठेवायचे. पासबुकातला आकडा तसाच उचलला तर दोन नुकसाने होतात: उत्पन्न कमी दिसते आणि परतावा मागायचा आहे हेच विसरले जाते. बँकेचे व्याज प्रमाणपत्र आणि फॉर्म २६एएस समोर ठेवले की दोन मिनिटांचे काम आहे.

पाचवे पगाराचे. इथली चूक सर्वात जास्त वेळा होते आणि सर्वात उशिरा सापडते. मार्च २०२४ चा २७,००० पगार एप्रिलमध्ये दिला गेला. नंतर पगार ३०,००० झाला आणि एप्रिल ते फेब्रुवारी असे अकरा महिने दिला गेला. २७,००० आणि ३,३०,००० मिळून ३,५७,०००. मार्च २०२५ चे ३०,००० देणे बाकी. या वर्षाचा खर्च बारा महिन्यांचा, ३,६०,०००. पण एप्रिलमधले २७,००० ‘पगार देणे’ या खात्याला नावे न टाकता थेट पगार खात्याला टाकले आणि वर्षाअखेरी ३०,००० ची तरतूदही केली, तर खर्च ३,८७,००० दिसतो, म्हणजे तेरा महिन्यांचा पगार. शिवाय मागच्या वर्षीचे २७,००० देणे ताळेबंदात तसेच अडकून राहते. ओळखायची खूण सोपी आहे. पगाराची खातेवही उघडा आणि माणशी नोंदी मोजा. बारापेक्षा जास्त असतील तर पहिली नोंद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली असणार. ऑडिट फी, वीज बिल आणि टेलिफोनलाही हाच नियम. आपल्या उदाहरणात मागच्या वर्षीची ऑडिट फी २५,००० दिली आणि या वर्षाची २५,००० तरतूद केली, म्हणून फरक शून्य. पण तो शून्य आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही.

सहावे संगणक आणि टेबले. १,४०,००० हा एका वर्षाचा खर्च नव्हे, ती मालमत्ता आहे. आय-व्ययात फक्त घसारा येतो. जुने सामान धरून या वर्षाचा घसारा ४९,००० आहे. रिसीट-पेमेंटमध्ये घसारा कधीच दिसणार नाही, कारण तो कोणाला दिला जात नाही.

हे सगळे धरून आय-व्यय असे होते. उत्पन्न: देणग्या ५,४०,०००, शुल्क १,६५,०००, व्याज ७०,०००, बेरीज ७,७५,०००. खर्च: पगार ३,६०,०००, भाडे-वीज २,१६,०००, वह्या-पुस्तके १,४५,०००, ऑडिट फी २५,०००, घसारा ४९,०००, बेरीज ७,९५,०००. अनुदानाचे ५,५०,००० दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने इथे धरलेले नाहीत. तूट २०,०००.

आता पूल. हे एक पान विश्वस्तांच्या सभेत दोन्ही खात्यांच्या मध्ये ठेवावे. सुरुवात तुटीपासून करायची आणि रोख वाढीवर पोहोचायचे.

| बाब | रक्कम | चालती बेरीज |
|---|---|---|
| आय-व्ययातील तूट | −२०,००० | −२०,००० |
| घसारा, रोख गेली नाही | +४९,००० | २९,००० |
| पगार देणे वाढले, २७,००० चे ३०,००० | +३,००० | ३२,००० |
| आगाऊ आलेले शुल्क | +१५,००० | ४७,००० |
| टीडीएस येणे | −७,००० | ४०,००० |
| कॉर्पस देणगी आली | +५,००,००० | ५,४०,००० |
| कॉर्पसची मुदत ठेव केली | −५,००,००० | ४०,००० |
| न वापरलेले अनुदान | +२,५०,००० | २,९०,००० |
| संगणक व टेबले | −१,४०,००० | १,५०,००० |

शेवटचा आकडा रिसीट-पेमेंटमधल्या वाढीशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे. जुळला नाही तर फरकाचा आकडाच बोलतो. २७,००० चा फरक असेल तर मागच्या वर्षीचे देणे दोनदा धरले गेले. ७,००० असेल तर टीडीएस. फरक दोनने भागून मिळणाऱ्या रकमेची एखादी नोंद सापडली तर ती उलट्या बाजूला पडली आहे. आगाऊ शुल्क अधिकऐवजी वजा केले की ३०,००० चा फरक येतो. आणि हा ३०,००० पगाराच्या आकड्यासारखा दिसतो म्हणून लोक चुकीच्या खात्यात तासभर शोधत बसतात.

पूल जुळायला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा: रिसीट-पेमेंटची शिल्लक कॅशबुकाची असते, पासबुकाची नव्हे. ३१ मार्चला लिहिलेला आणि एप्रिलमध्ये वटलेला चेक कॅशबुकात मार्चमध्येच गेलेला असतो. बँक जुळवणी पत्रक आधी, बाकी सगळे नंतर.

एवढे करूनही विश्वस्तांचा खरा प्रश्न सुटत नाही. तो असा: ५,७०,००० पैकी आपल्याला वापरता येतील असे किती? याचे उत्तर दोन्ही खात्यांत नाही. त्यासाठी रिसीट-पेमेंट निधीनिहाय मांडावे लागते.

| निधी | आरंभी | जमा | खर्च | अखेरीस |
|---|---|---|---|---|
| सर्वसाधारण | १,२०,००० | ७,८३,००० | ८,८३,००० | २०,००० |
| शिष्यवृत्ती | ३,००,००० | ० | ० | ३,००,००० |
| रुग्णमदत | ० | ८,००,००० | ५,५०,००० | २,५०,००० |
| कॉर्पस | ० | ५,००,००० | ५,००,००० | ० |
| एकूण | ४,२०,००० | २०,८३,००० | १९,३३,००० | ५,७०,००० |

पासबुकात पावणेसहा लाखांच्या घरात शिल्लक आहे आणि सर्वसाधारण कामासाठी त्यातले फक्त २०,००० आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पगाराचे ३०,००० द्यायचे आहेत, त्यानंतर ऑडिट फीचे २५,०००. म्हणजे प्रत्यक्षात ३५,००० कमी पडतात. आय-व्ययातली २०,००० ची तूट याच दुखण्याची सूचना देत होती आणि सभेत सगळे पासबुक बघत होते.

हे ३५,००० बहुतेक न्यासांत नकळत रुग्णमदतीच्या पैशांतून जातात, कारण बँक खाते एकच असते. पुढे कंपनी विनियोगाचे प्रमाणपत्र मागते, त्यात २,५०,००० शिल्लक लिहिली जाते आणि खात्यात तेवढे पैसे नसतात. अनुदानाच्या पत्रात वेगळ्या खात्याची अट असेल तर प्रश्नच नाही, वेगळे खाते उघडायचेच. अट नसली तरी अशी उचल करण्याआधी ते पत्र वाचावे. बऱ्याच पत्रांत रक्कम दुसरीकडे वळवायला सरळ मनाई असते. मनाई नसेल आणि उचल करावीच लागली, तर विश्वस्तांचा ठराव, रक्कम, परत करायची तारीख आणि ‘सर्वसाधारण निधीकडून येणे’ अशी नोंद. निधी-निधींमधली ही येणी-देणी ताळेबंदात एकमेकांना छेद देतात, पण निधीनिहाय पत्रकात दिसलीच पाहिजेत.

याला जोडून एक झटपट तपासणी. ताळेबंदात कॉर्पस निधीची बेरीज आणि कॉर्पसच्या नावे ठेवलेल्या ठेवींची बेरीज शेजारी लिहा. ठेवी कमी असतील तर कॉर्पस कुठेतरी खर्च झाला आहे. रुग्णमदत आणि शिष्यवृत्तीसाठीही असेच: निधीची शिल्लक आणि तिच्यासमोरचे बँक किंवा ठेव. शिष्यवृत्तीचे ३,००,००० वर्षभर बचत खात्यात पडून राहिले, एकही शिष्यवृत्ती दिली गेली नाही, हेही या तक्त्याशिवाय कोणाच्या लक्षात आले नसते. आणि या निधीचे व्याज निधीतच जमा करायचे असे मूळ पत्रात लिहिले असेल, तर ते सर्वसाधारण उत्पन्नात घेता येत नाही.

दुरुस्ती वर्षाअखेरी करण्यापेक्षा पावती फाडतानाच करणे स्वस्त पडते. पावतीपुस्तकात निधीचा एक रकाना हवा आणि त्यात चार अक्षरांपैकी एक: सा, कॉ, रु, शि. खर्चाच्या व्हाउचरवरही तेच. टॅलीमध्ये प्रत्येक निधीसाठी एक कॉस्ट सेंटर उघडले की हीच अक्षरे तिथे जातात आणि वरचा तक्ता हाताने करावा लागत नाही. सगळ्यात जास्त घोळ क्यूआर कोडवरून येणाऱ्या देणग्यांचा होतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत पाचशे-हजारांच्या शेकडो रकमा येतात आणि शेऱ्यात काहीच नसते. अशा रकमा निःसंशय सर्वसाधारण धराव्यात. त्या कॉर्पसच्या आहेत असे मार्चमध्ये कोणाला ‘आठवले’ तर पत्र मागावे.

आयकराची गणना हा तिसरा कागद आहे, तो या दोघांत मिसळू नये. तिथे न्यासाचा खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्या वर्षीच धरला जातो. म्हणून मार्चचा न दिलेला पगार आणि ऑडिट फीची तरतूद आय-व्ययात असली तरी त्या वर्षीच्या विनियोगात येत नाही, आणि मागच्या वर्षीचे दिलेले २७,००० आणि २५,००० हे मागच्या वर्षी धरले गेले नसतील तरच येतात. उलट संगणकांचे १,४०,००० तिथे पूर्ण धरता येतात. पण मग त्यांच्यावरचा घसारा पुन्हा मागता येत नाही. कॉर्पस देणगी उत्पन्नातून वगळायची तर ती कॉर्पससाठीच ठेवलेल्या, कायद्यात सांगितलेल्या प्रकारच्या गुंतवणुकीत असावी लागते. आपल्या उदाहरणातली ५,००,००० ची वेगळी बँक ठेव त्यासाठीच आहे. अनुदानाला हेतूची अट आहे एवढ्याने ते कॉर्पस होत नाही, म्हणून न वापरलेले २,५०,००० विवरणपत्रात कसे दाखवायचे हे सीएशी मार्चमध्येच बोलून घ्यावे. सप्टेंबरमध्ये बोलून उपयोग नसतो, कारण तोवर खर्च करायची मुदत संपलेली असते.

मागच्या वर्षांचा सस्पेन्स अजून पडून असेल, तर आधी तो उकलावा. ज्या वर्षी तो पहिल्यांदा आला त्या वर्षाचा पूल वरच्या तक्त्याप्रमाणे मांडायचा. सापडलेली चूक त्या वर्षाच्या सादर झालेल्या हिशेबात खाडाखोड करून दुरुस्त करायची नसते. चालू वर्षात ‘पूर्व वर्षांची दुरुस्ती’ म्हणून नोंद करायची, व्हाउचरवर मूळ नोंदीची तारीख आणि पान लिहायचे आणि ऑडिटरला आधीच दाखवायचे. अडकलेले २७,००० असतील तर नोंद अशी: ‘पगार देणे नावे, पूर्व वर्षांची दुरुस्ती जमा’. त्याच वर्षातली चूक असेल तर जमा बाजूला पगार खाते.